घरातील विद्युत मोटार चार्जिंग : स्वतंत्र सर्किट, तारेची जाडी आणि अर्थिंग

विजेवर चालणाऱ्या मोटारीबरोबर बहुधा एक सुटा चार्जर मिळतो. त्याच्या एका टोकाला मोटारीत बसणारा जोड असतो आणि दुसऱ्या टोकाला तीन जाड पिनांचा साधा प्लग असतो. हा प्लग गीझर किंवा वातानुकूलन यंत्राच्या प्लगसारखाच दिसतो आणि घरातील कोणत्याही सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये सहज बसतो. तो बसला म्हणजे सॉकेट मोटारीसाठी योग्य आहे, असा समज त्यामुळे होतो. सॉकेटवर छापलेला '१६ अँपिअर' हा आकडा त्या एका सुट्या भागाचे सामर्थ्य सांगतो. त्याच्यामागे भिंतीत किती जाडीची तार आहे, ती वाटेत आणखी कोणाला वीज पुरवते आणि तिसऱ्या पिनेमागची हिरवी तार खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

भारतात घरगुती एकफेज पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असतो. चार्जर १५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर शक्ती सुमारे ३.४ किलोवॅट होते. मोटारीच्या बॅटरीची क्षमता ३० किलोवॅट-तास असली आणि ती वीस टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायची असली, तर बॅटरीत १८ किलोवॅट-तास ऊर्जा जावी लागते. रूपांतरातील नुकसान धरून मीटरवर साधारण २० युनिटे पडतात आणि सुमारे सहा तास लागतात. बॅटरी जवळजवळ रिकामी असेल, तर हाच काळ दहा तासांवर जातो.

घरातील इतर जड उपकरणांपेक्षा मोटार वेगळी ठरते ती या कालावधीमुळे. गीझर दोन किलोवॅटचा असला, तरी पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापले की थर्मोस्टॅट तो बंद करतो. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर खोली गार झाली की थांबतो किंवा मंदावतो. या विरामांत तार, सॉकेट आणि स्विच थंड होतात. मोटारीचा प्रवाह मात्र सहा-आठ तास जवळजवळ अखंड आणि एकसारखा वाहत राहतो. त्यामुळे वायरिंगमधील ज्या उणिवा गीझरच्या वापरात वर्षानुवर्षे झाकलेल्या राहतात, त्या मोटारीच्या पहिल्या काही रात्रींतच उघड्या पडू शकतात.

स्वतंत्र सर्किट कशासाठी?

घरातील वितरण पेटीतून निघणारी एक तारजोडी, तिच्या मुळाशी बसवलेला एक एमसीबी आणि तिच्या शेवटी असलेली उपकरणे किंवा सॉकेट मिळून एक अंतिम उपसर्किट होते. आपल्याकडील घरांत एका पॉवर सर्किटवर दोन सोळा अँपिअरची सॉकेट जोडण्याची पद्धत सर्वत्र आढळते. दोन्ही सॉकेट एकाच वेळी पूर्ण भाराने फारशी वापरली जात नाहीत, या अनुभवावर ती आधारलेली आहे. मोटारीच्या बाबतीत हा अनुभव लागू पडत नाही.

उदाहरणादाखल जयपूरमधील एका दुमजली घराची कल्पना करू. वितरण पेटी जिन्याखाली आहे आणि मोटार उभी करण्याची पडवी तेथून तारेच्या वाटेने ३० मीटर दूर आहे. पडवीत सोळा अँपिअरचे एक सॉकेट आहे. त्याला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आली आहे आणि वाटेत त्याच तारेवर पाणी चढवण्याचा एक अश्वशक्तीचा पंप जोडलेला आहे. पेटीत १६ अँपिअरचा एमसीबी आहे. कागदावर यात काही चूक दिसत नाही.

पहाटे मोटार चार्ज होत असताना पंप सुरू झाला, की मोटारीचे १५ आणि पंपाचे सुमारे ६ अँपिअर मिळून तारेतून २१ अँपिअर वाहू लागतात. सोळाचा एमसीबी लगेच बंद होईल, अशी अपेक्षा असते. परंतु एमसीबीची रचना तशी नसते. मानकानुसार ठरीव प्रवाहाच्या १.१३ पटीपर्यंत तो एक तासाच्या आत उघडता कामा नये आणि १.४५ पटीला तो एक तासाच्या आत उघडलाच पाहिजे. सोळाच्या एमसीबीसाठी या दोन मर्यादा अनुक्रमे सुमारे १८ आणि २३ अँपिअर येतात. २१ अँपिअर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पडतो. तेथे एमसीबी केव्हा उघडेल याची निश्चिती नसते, आणि तोपर्यंत तार तापत राहते.

किती तापते, हे पाहण्यासाठी तारेच्या क्षमतेचा विचार करावा लागतो. मोटारीसाठी पेटीपासून सॉकेटपर्यंत अखंड आणि अन्य कोणतीही जोडणी नसलेले सर्किट असावे, यामागील पहिले कारण मात्र इथेच स्पष्ट होते. अशा सर्किटवर प्रवाह किती वाहणार हे चार्जर ठरवतो आणि तो आधीच माहीत असतो, म्हणून तार आणि एमसीबी त्याच्याशी जुळवता येतात.

तारेची जाडी : एक गणित

तारेतून प्रवाह वाहिला की तिच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तांबे स्वतः बरेच तापमान सहन करते, पण त्यावरील पीव्हीसीचे आवरण सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. तारेची 'क्षमता' म्हणजे हे आवरण ७० अंशांपर्यंत पोहोचेल एवढा प्रवाह होय. साहजिकच ती केवळ तारेवर अवलंबून नसते. भोवतालचे तापमान आणि उष्णता बाहेर पडण्याची सोय या दोन्ही गोष्टी तिच्या हिशेबात येतात.

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या कोष्टकांनुसार पाइपमधून नेलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारजोडीची क्षमता २४ अँपिअर आणि ४ चौरस मिलिमीटरची ३२ अँपिअर आहे. हे आकडे ३० अंश तापमान आणि पाइपमध्ये एकच सर्किट या गृहीतांवर दिलेले आहेत. दुकानदार किंवा कारागीर जेव्हा 'अडीचची तार वीस-बावीस अँपिअर सहज घेते' असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. फक्त ही दोन गृहीतके तो सांगत नाही.

उन्हाळ्यात जयपूरमधील छताला लागून गेलेल्या पाइपमधील हवा ४५ अंशांवर सहज असते, आणि दिवसभर तापलेली भिंत रात्रीही लवकर निवत नाही. ३० अंशांपासून ७० अंशांपर्यंत तापण्यास ४० अंशांची मुभा होती. ४५ पासून ती केवळ २५ अंश उरते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाशी बांधलेली असल्याने क्षमता २५ भागिले ४० याच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.७९ पटीने कमी होते. कोष्टकातील घट-गुणांकही ०.७९ असाच आहे. विद्यार्थ्यांनी हा गुणांक पाठ करण्यापेक्षा त्याची ही उपपत्ती ध्यानात घेणे अधिक उपयोगाचे आहे, कारण मग कोणत्याही तापमानासाठी तो स्वतः काढता येतो. त्याच पाइपमधून दुसरे एखादे सर्किट गेले असेल, तर दोघे एकमेकांना तापवतात आणि त्यासाठी ०.८ हा आणखी एक गुणांक लावावा लागतो.

आता २४ ला ०.७९ आणि ०.८ यांनी गुणले, तर १५.२ अँपिअर उरतात. म्हणजे उन्हाळ्यात, दोन सर्किटांच्या पाइपमध्ये, २.५ ची तार एकट्या मोटारीच्या १५ अँपिअरलाच कशीबशी पुरते. पंपासह २१ अँपिअर वाहिले, तर उष्णता जवळजवळ १.९ पट होते. पाइपातील ४५ अंशांवर २५ अंशांची वाढ अपेक्षित होती, ती आता ४७-४८ अंशांची होते आणि तार ९० अंशांच्या वर जाते. पीव्हीसी लगेच पेट घेत नाही. ते कडक होते, रंग बदलते, तडकते आणि त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. बिघाड दिसू लागतो तो काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, आणि तोही भिंतीच्या आत.

४ चौरस मिलिमीटरच्या तारेचा हिशेब असाच केला, तर ३२ गुणिले ०.७९ गुणिले ०.८ म्हणजे २०.२ अँपिअर मिळतात. १५ अँपिअरला ही तार सुमारे ५९ अंशांवर स्थिरावते. सोळा अँपिअरच्या चार्जरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी, या शिफारशीचा आधार हा आहे. पाइप स्वतंत्र असेल आणि अंतर थोडे असेल, तर थंड हवेच्या प्रदेशात २.५ ची नवी तारही नियमात बसते. पण दोन्ही तारांच्या किमतीतील फरक पाइप खोदण्या-बसवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ असतो.

अंतराचा परिणाम वेगळा आहे. १५ अँपिअर प्रवाह आणि ३० मीटर अंतर असताना २.५ च्या तारेत ८.१ व्होल्टची घट होते, म्हणजे साडेतीन टक्के. ४ च्या तारेत ती सुमारे ५ व्होल्ट, म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित वर असते. घराच्या मांडणीत ही घट तीन टक्क्यांच्या आत ठेवणे चांगले. साडेतीन टक्के हा आकडा लहान वाटला, तरी त्याचा अर्थ सुमारे १२० वॅटचा एक दिवा भिंतीच्या आत रात्रभर जळत आहे असा होतो. दहा तासांच्या चार्जिंगमध्ये सव्वा युनिटाच्या आसपास वीज केवळ भिंत तापवण्यात जाते आणि तिचे बिलही भरावे लागते.

जुन्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमची तार असू शकते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि स्क्रूखाली ती कालांतराने दबून सांधा सैल होतो. अशा तारेवर मोटार जोडू नये, एवढेच येथे सांगणे पुरेसे आहे.

एमसीबीला न दिसणारी उष्णता

तार योग्य जाडीची निवडली तरी तिच्या शेवटचा सांधा धोक्याचा राहतोच. सॉकेटमधील पितळी पट्ट्या प्लगच्या पिनांना जेथे पकडतात, तेथे थोडा रोध असतो. पकड घट्ट असेल आणि तो ०.०१ ओहम असेल, तर १५ अँपिअरला तेथे सव्वादोन वॅट उष्णता निर्माण होते आणि ती सहज विरून जाते. पट्ट्या सैल पडून रोध ०.१ ओहम झाला, की त्याच बिंदूवर साडेबावीस वॅट निर्माण होतात. बोटाच्या पेराएवढ्या जागेत हे डाग देण्याच्या लहान कावियाइतके होते. तापल्यावर पितळ ऑक्सिडीकरण पावते, पट्टीतील ताण जातो, रोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते.

या सर्व काळात प्रवाह पंधराच अँपिअर असतो. एमसीबी प्रवाह मोजतो, तापमान नव्हे. म्हणून सॉकेट वितळेपर्यंत तो शांत राहतो. गळतीवर लक्ष ठेवणारे उपकरणही येथे निरुपयोगी ठरते, कारण गळती झालेलीच नसते. अशा बिघाडाची खूण माणसालाच शोधावी लागते. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाल्यावर प्लग कोमट लागणे स्वाभाविक आहे, पण तो हातात धरवत नसेल, पिनेभोवतीचे प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी झाले असेल किंवा माशासारखा उग्र वास येत असेल, तर सॉकेट त्याच दिवशी बदलले पाहिजे. अवरक्त किरणांवर चालणारा तापमापक मिळाला, तर उत्तमच.

सैल पकडीचे एक कारण अगदी साधे असते. सुट्या चार्जरची पेटी वजनदार असते आणि ती प्लगच्या आधाराने भिंतीवर लोंबकळत ठेवली जाते. त्या ओझ्याने पिना रोज थोड्या तिरप्या ओढल्या जातात. पेटीसाठी भिंतीत एक खुंटी ठोकली, तर हा दोष उद्भवत नाही. सॉकेटमागचे स्क्रू पहिल्या महिन्यानंतर वीज बंद करून एकदा पुन्हा आवळणेही आवश्यक असते, कारण अनेक पदरी तार दाबाखाली हळूहळू बसते. एक्स्टेन्शन बोर्डाला तर मोटारीच्या चार्जिंगमध्ये स्थानच नाही. त्यात दोन अधिक सांधे येतात, तार बहुधा पातळ असते आणि ती गुंडाळलेल्या स्थितीत ठेवली की उष्णता कोंडते.

कधी उलटही घडते. कडक उन्हाळ्यात बंद पेटीतला सोळाचा एमसीबी मोटार एकटी असतानाही तासा-दोन तासांनी उघडतो. एमसीबीचा ठरीव आकडा ३० अंशांवरचा असतो, त्यामुळे तापलेल्या पेटीत तो थोड्या कमी प्रवाहालाच उघडतो. अशा वेळी कारागीर ३२ चा एमसीबी बसवून देतो आणि तक्रार मिटते. मिटते ती केवळ तक्रार, कारण आता तारेवर तिच्या क्षमतेच्या कितीतरी पुढे जाईपर्यंत कोणताही पहारा उरत नाही. योग्य उपाय म्हणजे चार्जरचा प्रवाह सोय असल्यास १० किंवा १२ अँपिअरवर आणणे, किंवा एमसीबी सावलीच्या, हवेशीर पेटीत हलवणे. एमसीबीचा आकडा तारेच्या दुरुस्त केलेल्या क्षमतेपेक्षा कधीही मोठा असू नये, हा नियम येथे अपवाद मानत नाही.

अर्थिंग : पाइप जमिनीत आहे, पण पुरेसा आहे का?

मोटारीचे सांगाडे धातूचे असतात आणि मोटार रबरी टायरांवर उभी असते. आतील फेजची तार कोठे उघडी पडून सांगाड्याला टेकली, तर टायरांमुळे प्रवाहाला जमिनीत जाण्यास वाट मिळत नाही. सांगाडा २३० व्होल्टवर जातो आणि ओल्या फरशीवर उभा राहून दाराला हात लावणारी व्यक्तीच ती वाट होते. तिसऱ्या, लांब व जाड पिनेचे काम सांगाड्याला आधीपासूनच जमिनीशी जोडून ठेवण्याचे आहे. ती लांब असते ती मुद्दाम, म्हणजे प्लग लावताना अर्थ सर्वप्रथम जोडला जातो आणि काढताना सर्वांत शेवटी सुटतो.

अर्थिंगसंबंधीची भारतीय संहिता आयएस ३०४३ ही आहे. आपल्याकडे बहुधा अडीच मीटर लांबीचा, ४० मिलिमीटर व्यासाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप कोळसा व मीठ भरलेल्या खड्ड्यात उभा पुरतात. अशा एका पाइपचा जमिनीशी असलेला रोध मातीच्या विशिष्ट रोधावर अवलंबून असतो. ओल्या चिकणमातीचा विशिष्ट रोध १० ओहम-मीटर धरला, तर पाइपचा रोध सुमारे साडेतीन ओहम येतो. कोरड्या वाळवट मातीचा तो १०० किंवा त्याहूनही अधिक असतो आणि १०० धरला, तरी पाइपचा रोध ३५ ओहमपर्यंत जातो. कोळसा-मिठाने तो खाली येतो, परंतु मीठ पावसाबरोबर वाहून जाते आणि दरम्यान पाइपलाही गंज चढवते.

जयपूरच्या त्या घरात ३५ ओहमचा अर्थ आहे असे समजू. फेज सांगाड्याला टेकली, की जमिनीतून जाणारा प्रवाह २३० भागिले ३५, म्हणजे साडेसहा अँपिअर होतो. सोळाच्या एमसीबीला हा प्रवाह म्हणजे एखादे उपकरण चालू असल्यासारखा आहे, म्हणून तो कधीच उघडणार नाही. सांगाडा जवळजवळ पूर्ण दाबावर राहील आणि 'अर्थिंग केलेले आहे' हे वाक्यही खरेच राहील. अर्थ साडेतीन ओहमचा असता, तर ६५ अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहिला असता. पण मोटारींसाठी वापरल्या जाणाऱ्या 'सी' प्रकारच्या सोळाच्या एमसीबीला तत्क्षणी उघडण्याची हमी १६० अँपिअरलाच मिळते. चांगला अर्थही एकटा पुरत नाही, तो असा.

ही पोकळी आरसीसीबी भरून काढतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो दोन्ही तारा तोडतो. सांगाड्यावर ५० व्होल्ट चढण्याआधी तो उघडावा, एवढ्यासाठी अर्थचा रोध ५० भागिले ०.०३, म्हणजे सुमारे १६६० ओहमपेक्षा कमी असला तरी तत्त्वतः चालते. ३५ ओहमचा सामान्य अर्थ आरसीसीबीच्या जोडीला आला की संरक्षण सक्षम होते. याचा अर्थ खड्ड्याकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. आरसीसीबी हे यंत्र आहे आणि ते अडकू शकते. शिवाय उन्हाळ्यात माती सुकली की रोध अनेक पटींनी वाढतो. दोन पाइप त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर पुरून जोडले, तर रोध जवळपास निम्मा होतो. खड्ड्याची ओल टिकवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

आरसीसीबी निवडताना त्याच्या अंगावरील चिन्ह पाहावे. केवळ एक नागमोडी लाट असेल, तर तो 'एसी' प्रकारचा असतो. लाटेखाली अर्ध्या लाटांची खूणही असेल, तर तो 'ए' प्रकारचा होय. मोटारीतील चार्जर प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो आणि बिघाडात गळणारा प्रवाह तुटक, एकाच दिशेचा असू शकतो. असा प्रवाह 'एसी' प्रकाराला नीट ओळखता येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत २०१९ मध्ये विद्युत वाहनांच्या चार्जिंगसंबंधी तरतुदी घालण्यात आल्या. त्यांत प्रत्येक चार्जिंग बिंदूला स्वतंत्र अंतिम उपसर्किट, किमान 'ए' प्रकारचे आणि ३० मिलिअँपिअरपर्यंतचे गळतीरोधक उपकरण, जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर सॉकेट आणि एक्स्टेन्शनला मनाई या बाबींचा समावेश आहे. घरातील सॉकेट तयार करतानाही हीच मोजपट्टी लावणे योग्य ठरते. संपूर्ण घरासाठी एकच आरसीसीबी असेल, तर मोटारीसाठी वेगळा घ्यावा. अन्यथा फ्रिजच्या किंवा गीझरच्या किंचित गळतीनेही मध्यरात्री चार्जिंग थांबेल.

अर्थ खरा की खोटा, हे कसे ओळखावे?

अनेक चार्जर चार्जिंगपूर्वी अर्थ तपासतात आणि तो न मिळाल्यास लाल दिवा दाखवून काम नाकारतात. जुन्या घरांत हा दिवा नित्याचा आहे, कारण अनेक ठिकाणी सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसते. यावर काही कारागीर एक घातक तोड काढतात. सॉकेटमध्येच न्यूट्रलपासून एक लहान तुकडा अर्थच्या टोकाला जोडून देतात. दिवा हिरवा होतो, मोटार चार्ज होऊ लागते. पुढे कधी न्यूट्रलची तार वाटेत तुटली, की चार्जरमधून आलेला फेजचा दाब त्याच तुकड्यावाटे मोटारीच्या सांगाड्यावर येतो. ज्या तारेने वाचवायचे, तीच तेथे वीज पोहोचवते. सॉकेट उघडून असा तुकडा दिसला, तर तो काढून हिरवी तार पेटीपर्यंत स्वतंत्र ओढल्याखेरीज ते सॉकेट वापरू नये. या हिरव्या तारेची जाडी फेजच्या तारेएवढीच, म्हणजे आपल्या उदाहरणात ४ चौरस मिलिमीटर, असावी.

मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही दाब जवळजवळ सारखे आणि न्यूट्रल-अर्थ दाब दोन-चार व्होल्टच्या आत दिसला, तर अर्थ जोडलेला आहे इतके कळते. फेज-अर्थ दाब शंभर-सव्वाशेवर डळमळत असेल, तर अर्थ अधांतरी आहे. आणि न्यूट्रल-अर्थ दाब मोटार चालू असतानाही अगदी शून्य दिसला, तर समाधान मानण्याऐवजी वरील तुकड्याचा संशय घ्यावा, कारण भाराखाली न्यूट्रलवर थोडी घट पडणे स्वाभाविक असते.

फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून तो पूर्ण पेटतो का, हे पाहण्याची जुनी रीत आहे. तिची मर्यादा साध्या गणिताने दिसते. या दिव्याचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. अर्थ ३५ ओहमचा असला, तरी दिव्याला २१५ व्होल्ट मिळतात आणि तो डोळ्यांना तितकाच तेजस्वी दिसतो. साडेतीन आणि पस्तीस ओहम यांतील भेद ही परीक्षा सांगूच शकत नाही. शिवाय आरसीसीबी असलेल्या सर्किटवर दिवा लावताच तो उघडतो. आरसीसीबीवरील 'टेस्ट' बटणही अर्थची परीक्षा करत नाही. ते उपकरणाच्या आतच कृत्रिम फरक निर्माण करते, म्हणून अर्थची तार तुटलेली असतानाही ते बरोबर चालते. खरा रोध मोजायचा, तर जमिनीत दोन सहायक सळया रोवून अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे हे यंत्र असते. मोजणी एप्रिल-मे महिन्यांत, जमीन सर्वांत कोरडी असताना करून घ्यावी, कारण पावसाळ्यातील आकडा फसवा असतो.

मंजूर भार आणि पुढची पायरी

घराच्या वीजजोडणीचा मंजूर भार तीन किलोवॅट असेल, तर मोटार एकटीच तो ओलांडते. अशा वेळी वीज वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो, आणि मीटरपासून पेटीपर्यंतची मुख्य तारही तपासावी लागते. घरी मोटार चार्ज करण्यास परवान्याची अट नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, असे स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत निवासस्थानी खासगी चार्जिंगला मुभा दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार विद्युत वाहनासाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. सदनिकांमध्ये मोटारीची जागा आणि घराचे मीटर यांत अनेक मजल्यांचे अंतर असते, तेथे ही तरतूद विशेष उपयोगी आहे. अशा जोडणीमुळे लांब तारेतील दाबघटीचा प्रश्नही मिटतो.

काही वर्षांनी भिंतीवरचा सात किलोवॅटचा चार्जर घेण्याचा विचार असेल, तर तो ३२ अँपिअर घेतो आणि सोळाच्या सॉकेटवर चालतच नाही. ४५ अंशांवर, स्वतंत्र पाइपमध्ये, ६ चौरस मिलिमीटरच्या तारेची क्षमता ४१ गुणिले ०.७९, म्हणजे जेमतेम ३२ अँपिअर येते. त्यामुळे तेथे १० चौरस मिलिमीटरची तार लागते. आज ४ चौरस मिलिमीटरची तार ओढतानाच पाइप मात्र मोठ्या व्यासाचा आणि कमी वळणांचा टाकला, तर त्या वेळी भिंत फोडावी लागत नाही, जुनी तार बांधून नवी ओढता येते.